भिशीचा निरोप बचतीला चालत नाही

आमच्या मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये आम्ही 24 जणी आहोत. एप्रिलपासून मी दर महिन्याचं बचत चॅलेंज सुरू केलं. ग्रुपवर टाकलेला निरोप असा होता : “मैत्रिणींनो, बचत चॅलेंज सुरू! प्रत्येकीने 2,000 रुपये वाचवायचेच. 5 तारखेपर्यंत पासबुकाचा किंवा अॅपचा फोटो ग्रुपवर टाका. ज्यांचा फोटो येणार नाही त्यांची नावं 6 तारखेला टाकीन. काही अडचण असेल तर मला पर्सनली सांगा. आता मागे हटायचं नाही!” एप्रिलमध्ये 22 फोटो आले, मे महिन्यात 13. एक जण ग्रुप सोडून गेली आणि आता लिफ्टमध्येही बोलत नाही. दुसरीने मला हळूच सांगितलं की तिने बहिणीकडून 2,000 घेतले, खात्यात टाकले, फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी परत केले. माझा हेतू वाईट नव्हता हो. जूनचा निरोप कसा लिहू, की नियमही कळतील आणि कोणावर जबरदस्तीही होणार नाही?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

ताई,

तुमचा निरोप मी दोनतीनदा वाचला, आणि प्रत्येक वेळी मला तो ओळखीचा वाटला. हा निरोप भिशीचा आहे. आपल्याकडे पैसे आणि बायकांचा ग्रुप एकत्र आले की हातून आपोआप भिशीचीच भाषा लिहिली जाते, कारण आयांकडून आणि सासवांकडून आपण तीच ऐकत आलो. म्हणून आधी भिशीबद्दल दोन शब्द लिहिते. तिथला फरक लक्षात आला की निरोपातली कोणती ओळ ठेवायची आणि कोणती काढायची हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

समजा 12 जणींची भिशी आहे, महिना 1,000 रुपयांची. दर महिन्याला एकीला 12,000 मिळतात. एकीने तिसऱ्या महिन्यात भिशी उचलली आणि पुढे पैसे देणं बंद केलं, तर तिने भरले 3,000 आणि नेले 12,000. उरलेले 9,000 बाकीच्यांच्या खिशातून गेले. म्हणून भिशीत तारीख कडक असते, पैसे दिल्याची खूण लागते, कोणाचे राहिले ते सगळ्यांसमोर बोललं जातं आणि मधूनच बाहेर पडता येत नाही. या चारही गोष्टींना तिथे कारण आहे, कारण एकीच्या न देण्याने दुसरीचं नुकसान होतं.

तुमच्या चॅलेंजमध्ये मात्र प्रत्येकीचे पैसे तिच्याच खात्यात आहेत. पहिल्या मजल्यावरच्या ताईंनी या महिन्यात एक रुपयाही बाजूला टाकला नाही, तर चौथ्या मजल्यावरच्या ताईंचं काहीच बिघडत नाही. म्हणजे तारीख, खूण, नावं आणि ‘मागे हटायचं नाही’ या चारही गोष्टी इथे आल्या खऱ्या, पण त्यांचं कारण भिशीतच राहिलं. विनाकारण लावलेला नियम माणसाला फक्त टोचतो. तुमच्याशी न बोलणाऱ्या ताईंना बहुतेक हेच टोचलं असावं : मी कोणाचं काही घेतलेलं नसताना माझं नाव यादीत का?

आता एकेक गोष्ट बघू.

तारीख आणि रक्कम. पाच तारीख सोयीची कोणाला? ज्यांच्या घरी एक तारखेला पगार जमा होतो त्यांना. तुमच्या स्कीममध्ये कोणी शिकवण्या घेत असेल, तर तिची फी आठ तारखेपासून पंधरा तारखेपर्यंत तुकड्यातुकड्याने येते. कोणी ब्लाउज शिवत असेल, तर तिच्याकडे पैसे लग्नसराईत येतात आणि नंतर आटतात. कोणी डबे देत असेल, तर गिऱ्हाइकाचा हिशेब महिना संपल्यावर होतो. यातल्या कोणाहीकडे पाच तारखेला वाचवायला काही असेलच असं नाही, आणि सहा तारखेला तिचं नाव मात्र ग्रुपवर येतं. ती बचत करत नव्हती असं नाही, तिचा महिना वेगळ्या दिवशी सुरू होतो इतकंच.

रकमेचंही तसंच आहे. शिकवणीतून महिना 6,000 मिळवणाऱ्या बाईला 2,000 म्हणजे कमाईचा तिसरा हिस्सा. बँकेत नोकरी करणारीला तेवढे पैसे बाजूला ठेवल्याचं कळणारही नाही. आणि महिना कोणता आहे तेही बघा. मे महिनाभर कूलर चालला त्याचं बिल जूनमध्ये येतं. जूनच्या अखेरीस आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात, म्हणजे वह्या, जोडे, गणवेश आणि व्हॅनवाल्याचं भाडं एकाच पंधरवड्यात निघतं. एप्रिलमध्ये जिने हसत 2,000 टाकले तिचाच हात जूनमध्ये आखडलेला असेल. सगळ्यांना एकच आकडा दिला की तो एकीला खेळ होतो आणि दुसरीला कर्ज. बहिणीकडून 2,000 आणणाऱ्या ताईंचं नेमकं हेच झालं.

म्हणून माझं म्हणणं असं की जूनच्या निरोपात आकडा लिहूच नका. त्याऐवजी वेळा लिहा : महिन्यात चार वेळा, चार वेगळ्या दिवशी, आपल्याला जमेल तेवढे पैसे बाजूला ठेवायचे. शिकवणीवाल्या ताई फी हातात आली की त्यातून 100 काढतील. चार मुलांची फी चार वेगळ्या दिवशी आली तर महिन्याचे 400 झाले आणि त्यांचा जून पूर्ण झाला. बँकेतल्या ताई दर सोमवारी 1,000 टाकतील, त्यांचाही पूर्ण झाला. दोघींनी सारखंच काम केलं आणि कोणी कोणाच्या मागे पडलं नाही. लागायला हवी ती पैसे बाजूला काढण्याची सवय, आणि ती लागते वेळांनी. आकडा ज्याच्या त्याच्या घरचा.

एक गोष्ट तुमच्या निरोपात राहून गेली आहे, आणि तिच्यावरून तुम्हाला नक्की फोन आले असतील. बचत कशाला म्हणायचं? आधीपासून कापली जाणारी आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, धरायची का? सोनाराकडे दरमहा भरते ते धरायचं का? डब्यात ठेवलेली नोट चालेल का? कर्जाचा हप्ता ठरल्यापेक्षा जास्त भरला तर? आणि महिन्याच्या मधेच पोराला ताप आला, ते पैसे काढावे लागले, तर ‘हरले’ का? यातलं प्रत्येक उत्तर तुम्ही कुठल्याही बाजूने देऊ शकता. पण एकदा लिहून टाका. लिहिलं नाही तर प्रत्येकीला तुमच्याकडे येऊन आपल्या घरचा हिशेब उघडून विचारावं लागतं, आणि ज्यांना ते नको असतं त्या न विचारता गळतात. माझा कल ‘सगळं धरा, काढावे लागले तर काढा’ या बाजूला आहे. फक्त एक सावधगिरी सांगते. या एका महिन्याच्या उत्साहात कोणी पोस्टाची आरडी उघडणार असेल तर तिला आधी नीट माहिती घेऊ द्या. ती महिन्याला 100 रुपयांपासून सुरू होते हे खरं, पण मुदत 5 वर्षांची असते, हप्ता चुकला तर दर 100 रुपयांमागे 1 रुपया दंड लागतो, आणि मुदतीआधी बंद करायची सोय 3 वर्षांनंतर मिळते. जिची कमाई वर्षभर सारखी आहे तिच्यासाठी ती उत्तम. महिन्याच्या चॅलेंजसाठी साधा डबा किंवा साधं बचत खातं पुरतं.

आणि हो, कोणी सुचवेल की सगळ्यांचे पैसे तुमच्याच खात्यात गोळा करू, म्हणजे फोटोची कटकट नको. ते करू नका. ज्या दिवशी दुसऱ्याचे पैसे तुमच्याकडे आले त्या दिवशी तुम्ही हिशेब देणं लागता, आणि भिशीचे सगळे कडक नियम मग खरोखरच आणावे लागतात.

आता फोटो. पासबुकाच्या त्या एका पानावर काय काय असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. खाते क्रमांक असतो, शिल्लक असते, मागचे आठदहा व्यवहार असतात. कोणाला किती पाठवले, कोणत्या दवाखान्यात किती गेले, माहेरी किती गेले, सगळं असतं. तुमच्या 24 जणींत कोणाची जाऊ असेल, कोणाची नणंद असेल. काही बायका घरात न सांगता थोडे पैसे साठवतात आणि त्यांच्याकडे त्याची कारणं असतात. असा फोटो एकदा ग्रुपवर गेला की तो 23 फोनमध्ये असतो आणि पुढे कुठे जाईल ते कोणाच्याच हातात नाही.

त्यातून फोटोने सिद्ध काय झालं? एका दिवशी खात्यात 2,000 होते एवढंच. दुसऱ्या दिवशी ते परत गेले. खूण मागितली की लोक खूण तयार करतात, बचत करतीलच असं नाही.

‘ज्यांना हवा त्यांनी फोटो टाका’ असं लिहून सुटका होईल असं वाटत असेल तर तसं होत नाही. पहिल्या दिवशी तिघींनी टाकले की बाकीच्यांना ते न टाकल्याचंच जास्त दिसतं. म्हणून निरोपात स्पष्ट लिहा की फोटो आणि रक्कम कोणीच टाकायची नाही. हौसेनेही नाही. सगळ्यांसाठी बंद असलं की न टाकणारी उघडी पडत नाही.

मग प्रगती सांगायची कशी? रक्कम सोडून जे सांगण्यासारखं असतं तेच खरं उपयोगाचं असतं. तिघींनी मिळून कॉटन मार्केटमधून आठवड्याचे कांदे-आलू आणले आणि वाटून घेतले. एकीने मुलाच्या गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून कच्च्या कामाची वही शिवली. एकीने कूलरची मोटर नवीन घ्यायच्या आधी कारागिराला दाखवली आणि ती दुरुस्त झाली. असं एक वाक्य ज्यांना वाटेल त्यांनी तुम्हाला कळवावं, आणि महिनाअखेर तुम्ही ती नावं न घालता सगळ्यांना पाठवावीत. यात कोणाच्या घरची शिल्लक कळत नाही, आणि वाचणारीला पुढच्या महिन्यात करून बघायला काहीतरी मिळतं.

किती जणींनी पूर्ण केलं हा आकडा सांगायचा असेल तर तोही जपून सांगा. ‘24 पैकी 13’ लिहिलं की वाचणारी लगेच उरलेल्या 11 मोजायला लागते. नुसतं ‘13 जणींनी पूर्ण केल्याचं कळवलं’ एवढं पुरे. आकडा महिन्यातून एकदाच, शेवटी सांगा. दर निरोपानंतर वाढवत नेलात, म्हणजे सकाळी ‘आता 7’ आणि दुपारी ‘आता 8’, तर ज्यांना त्या वेळी तुमच्याशी कोण बोललं हे दिसतं त्यांना नावही कळतं. एकूण रक्कम जाहीर केलीत तर त्याहून वाईट, कारण दोन बेरजांमधला फरक म्हणजे एकीची बचत. आणि कळवणाऱ्या पाचपेक्षा कमी असतील तर त्या महिन्यात आकडा देऊच नका, फक्त युक्त्या पाठवा.

नावांच्या यादीबद्दल मला थोडं माझं सांगायचं आहे. मी पुष्कळ वर्षं बचत गटांची सहयोगिनी म्हणून उमरेडच्या बाजूच्या गावांत काम केलं. तिथे पैसे गटाचे असतात, त्यामुळे कोणाची बचत थकली हे बैठकीत वाचावंच लागतं असं मी धरून चालले होते. बैठक सुरू झाली की मी वही उघडायची आणि थकलेली नावं आधी वाचायची. एका बाईंचं नाव कधीच आलं नाही, म्हणून मी त्यांचं कौतुकही केलं. पुढे त्यांनीच मला सांगितलं की नाव वाचलं जाऊ नये म्हणून त्या दर महिन्याला किराणा दुकानातून 50 रुपये उधार आणत होत्या आणि उधारी फेडायला घरातलं धान्य विकत होत्या. माझ्या वहीत त्यांची बचत वाढत होती आणि घरातला कोठा रिकामा होत होता. त्यानंतर मी बैठकीत नावं वाचणं सोडलं. ज्यांची थकली त्यांच्या घरी जाऊन बोलू लागले. तुमच्याकडे तर थकण्यासारखं काही नाहीच, तेव्हा यादी करायचंही कारण नाही.

राहिली बाहेर पडायची वाट. इथे मराठीतल्या बारीकसारीक शब्दांकडे लक्ष द्या, कारण दडपण बहुतेक वेळा तिथेच लपलेलं असतं.

‘काही अडचण असेल तर मला पर्सनली सांगा’ हे वाक्य तुम्ही मायेने लिहिलंत, मला माहीत आहे. पण वाचणारीला त्यातून कळतं ते असं की थांबायचं असेल तर अडचण असायला हवी आणि ती सांगायलाही हवी. नवऱ्याची नोकरी गेली, दिराला पैसे द्यावे लागले, किंवा नुसता कंटाळा आला, यातलं काहीच तिला शेजारणीला सांगायचं नसतं. ‘जमत नसेल तर थांबा’ हेही नको. त्यात न जमल्याची कबुली आहे. ‘नको असेल तर’ लिहा. नको असण्याला कारण लागत नाही.

‘वाचवायचेच’, ‘टाकाच’ यांतला ‘च’ काढा. एक अक्षर आहे, पण बोलताना आपण त्याच्यावरच जोर देतो आणि वाचणारीच्या कानात तो तसाच वाजतो. ‘प्रत्येकीने’ आणि ‘आपण सगळ्यांनी’ यांच्या जागी ‘ज्यांना हवं त्यांनी’ लिहा. ‘मागे हटायचं नाही’ तर पूर्ण पुसा.

पण बाहेर पडायची सगळ्यात चांगली वाट अशी आहे की ती कोणाला वापरावीच लागू नये. चॅलेंज 30 जूनला आपोआप संपू द्या. जुलैत नवीन निरोप, नवीन सुरुवात, आणि जूनमध्ये कोण होतं याची नोंद नाही. मग ‘मी सोडते’ असं कोणालाही कधीच म्हणावं लागत नाही. जुलैत ती काही करत नाही, बस. त्याचबरोबर न कळवण्याचा अर्थही निरोपातच सांगून ठेवा : कळवलं नाही म्हणजे केलं नाही असं कोणी समजणार नाही, आणि मी विचारणारही नाही. ही ओळ लिहिली की ती पाळणं तुमच्यावर आहे. पार्किंगमध्ये भेटल्यावर ‘काय गं, या महिन्यात तुझं काही आलं नाही’ हे वाक्य निघालं तर निरोपातली सगळी मेहनत वाया जाईल. एखादीने स्वतःहून ‘माझं नाव काढा’ म्हटलं तर उत्तर एवढंच द्या : “ठीक आहे, काढलं.” त्याच्यापुढे ‘का गं’ नको आणि ‘परत ये हं’ही नको.

हा निरोप पाठवायचा कुठून, तेही बघू. फ्लॅटच्या ग्रुपवर टाकलात तर ज्यांना चॅलेंजशी काही घेणं नाही त्यांनाही तो दर महिन्याला दिसतो, आणि खाली ‘मी आहे’, ‘मीही’ अशी रांग लागली की न लिहिणारी आपोआप कळते. वेगळा ग्रुप केलात तर तो सोडणं दिसतं. व्हॉट्सअॅपवर ग्रुप सोडल्याची सूचना हल्ली फक्त अॅडमिनला जाते, पण आधी कोण सदस्य होतं ते ग्रुपच्या माहितीत 60 दिवस बघता येतं. मतदान घेतलंत तर कोणी काय दाबलं तेही सहसा दिसतं. यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. फ्लॅटच्या ग्रुपवर एकदाच सांगा की ज्यांना बचतीचा निरोप हवा त्यांनी मला वेगळा मेसेज करा. त्यांचीच लिस्ट करा. लिस्टमध्ये आणखी कोण आहे ते कोणालाही दिसत नाही, उत्तर फक्त तुमच्याकडे येतं, आणि एखादीला काढलं तर कोणालाच कळत नाही. एक अट मात्र आहे. तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह असायला हवा, नाहीतर निरोप पोचत नाही. तेवढं त्या पहिल्या सूचनेत सांगा.

आता जूनचा निरोप. मी असा लिहिला असता :

“नमस्कार मैत्रिणींनो,

ज्यांना हवं त्यांच्यासाठी जूनचं बचत चॅलेंज 1 तारखेपासून 30 तारखेपर्यंत आहे.

करायचं काय : या महिन्यात चार वेळा, चार वेगळ्या दिवशी, थोडे पैसे बाजूला ठेवायचे. दिवस तुम्ही निवडा. रक्कम तुम्ही ठरवा, दहा रुपयेही चालतात. डबा, खातं, आरडी, सोनाराकडचा हप्ता, कर्जात जास्तीचे भरलेले पैसे, सगळं धरायचं. मधे गरज पडली आणि पैसे काढावे लागले तर काढा. ठेवलं ते ठेवलं, ती वेळ मोजलीच जाईल. पैसे तुमच्याजवळच राहतील, मी कोणाचे पैसे घेणार नाही.

कळवायचं काय : रक्कम किंवा पासबुकाचा फोटो कोणीही पाठवायचा नाही, मलासुद्धा नाही. चार वेळा झालं की वाटलं तर मला ‘झालं’ एवढा एक शब्द पाठवा. खर्च वाचवायची एखादी युक्ती सापडली तर तीही पाठवा. 30 तारखेला संध्याकाळी मी युक्त्या सगळ्यांना पाठवीन, त्यात कोणाचं नाव नसेल.

कळवलं नाही तर : काहीच होणार नाही. न कळवणं म्हणजे न करणं असं मी धरणार नाही. मी आठवण करून देणार नाही आणि विचारणारही नाही.

थांबायचं असेल तर : काही करायची गरज नाही, चॅलेंज 30 तारखेला आपोआप संपतं. हे निरोपही नको असतील तर ‘नको’ एवढं लिहा, त्याच दिवशी नाव काढीन. कारण लिहू नका. पुन्हा कधी हवे वाटले तर ‘हवं’ लिहा.”

पाठवण्याआधी हा निरोप एखाद्या अशा बाईला वाचायला द्या जिला चॅलेंजबद्दल काही माहीत नाही. तुमच्या वहिनी असतील, ऑफिसातल्या कोणी असतील. वाचून झाल्यावर तिला चार गोष्टी विचारा : काय करायचं, कधीपर्यंत, मी काही केलं नाही तर कोणाला कळेल, आणि मला नको असेल तर काय करू? तिला एकाही उत्तरासाठी तुमच्याकडे बघावं लागलं तर ती ओळ पुन्हा लिहा. लांबी वाढली तरी चालेल. आधीचा निरोप आखूड होता, पण त्याने प्रत्येकीला एकेक प्रश्न घेऊन तुमच्या दारात उभं केलं.

महिना सुरू झाल्यावर दडपण उरलंय का हे कळायची माझी एक खूण आहे. लोक माफी मागतात. ‘सॉरी ताई, या वेळी दोनदाच झालं’ असे मेसेज आले तर समजा की कुठेतरी अजून हजेरी घेतल्यासारखं वाटतंय. अशा वेळी त्या एकीची समजूत काढत बसू नका, जुलैच्या निरोपात ती जागा शोधा. दुसरी खूण म्हणजे 30 तारखेला रात्री एकदम येणारे ‘झालं’. ते बहुतेक हजेरीसाठीच लिहिलेले असतात.

कदाचित जूनमध्ये ‘झालं’ म्हणणाऱ्या सहाच असतील. मे महिन्यातल्या 13 शी तो आकडा ताडून बघू नका. त्या 13 मध्ये उसन्या पैशांचे फोटो किती होते हे तुम्हाला कुठे माहीत आहे? आणि ज्यांना खरंच कोणीतरी मागे लागायला हवं असतं, अशाही असतात, त्या दोघीदोघींनी आपसात ठरवून एकमेकींना विचारू देत. ते त्यांनी मागून घेतलेलं दडपण आहे. तुम्ही जोड्या लावायला जाऊ नका.

शेवटी ते आधीचे फोटो. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ साधारण दोन दिवसांपर्यंतच करता येतं, त्यामुळे एप्रिल-मेचे पासबुकांचे फोटो तुम्हाला इतरांच्या फोनमधून काढता येणार नाहीत. तुमच्या फोनमधले काढा, गॅलरीतलेही, आणि जूनचा निरोप कोणालाही पाठवायच्या आधी फ्लॅटच्या ग्रुपवर हे टाका : “एप्रिल आणि मे महिन्यात मी पासबुकाचे फोटो मागितले आणि नावं टाकीन असं लिहिलं. ते चुकलं. ते चॅलेंज मी बंद केलं आहे. माझ्या फोनमधले सगळे फोटो काढले, तुमच्या फोनमधलेही काढा ही विनंती. कोणी काही कळवायची गरज नाही.”

ज्या ताई ग्रुप सोडून गेल्या त्यांना हाच निरोप वेगळा पाठवा, शब्द न बदलता. त्यांच्या दारात जाऊन समजूत काढू नका आणि परत या असंही म्हणू नका. लिफ्टमध्ये भेटल्या तर आधीसारखंच विचारा, आज सांबार काय भाव मिळाला म्हणून.